पनेट चौकोन वाचायचा तो कडांपासून

प्रश्न: मी जनुकशास्त्राचं एक हँडआउट तयार करतोय. विद्यार्थी पनेट चौकोन भरतात, ३:१ आणि ९:३:३:१ तोंडपाठ म्हणतात, पण प्रश्न जरा फिरवून विचारला की अडकतात. संकर, चौकोन कसा वाचायचा आणि ही गुणोत्तरं कुठून येतात, हे कागदावर कसं समजावू?

उत्तर:

हँडआउटची सुरुवात चौकोनाने करू नका, युग्मकांपासून करा. चौकोनाच्या आतल्या खणांमध्ये निव्वळ गुणाकार असतो. सगळं जीवशास्त्र वरच्या आणि डाव्या कडेवर लिहिलेल्या अक्षरांत असतं. कडा बरोबर असल्या की आतलं कुणीही भरू शकतं, आणि कडा चुकल्या की कितीही नीटनेटका चौकोन काढला तरी उत्तर चुकतंच. मी तपासलेल्या उत्तरपत्रिकांमधल्या बहुतेक चुका कडांवरच्या असतात.

उदाहरण एकच घ्या आणि ते शेवटपर्यंत वापरा. वाटाण्याच्या दाण्याचा आकार उत्तम, कारण मेंडेलने १८६६ साली छापलेल्या निबंधात त्याचे खरे आकडे मिळतात. गोल दाण्यासाठी R, सुरकुतलेल्या दाण्यासाठी r. प्रत्येक रोपाच्या पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक परागकणातून आलेली आणि एक बीजांडातून. अर्धसूत्री विभाजनात त्या वेगळ्या होतात आणि प्रत्येक युग्मकात एकच प्रत जाते. म्हणून Rr रोपाचे निम्मे परागकण R असतात आणि निम्मे r. बीजांडांचंही तसंच. हे दोन-तीन वाक्यांत लिहून त्याखाली एक सराव द्या: RR, Rr आणि rr रोपांची युग्मकं कोणती आणि किती प्रमाणात? चौकोन अजून काढायचाच नाही.

आता पहिला संकर. शुद्ध गोल आणि शुद्ध सुरकुतलेला, म्हणजे RR × rr. बऱ्याच पुस्तकांत इथेही वर R, R आणि डावीकडे r, r लिहून चार खण भरलेले असतात आणि चारही खणांत Rr येतं. हे चूक नाही, पण मला ते आवडत नाही. RR रोपाला एकाच प्रकारचं युग्मक तयार करता येतं, तेव्हा कडेवर एकदाच R लिहावं. चौकोन एका खणाचा होतो आणि त्यात Rr येतं. चार सारखे खण पाहिले की विद्यार्थ्याच्या डोक्यात ‘चार खण म्हणजे चार संतती’ हे पक्कं बसतं, आणि पुढे ते काढणं फार जड जातं.

पहिल्या पिढीचे सगळे दाणे Rr, आणि दिसायला गोल. का गोल? इथे ‘R प्रभावी आहे म्हणून’ एवढंच लिहून थांबू नका, कारण ते कारण नाही, निरीक्षणाला दिलेलं नाव आहे. r ही प्रत बिघडलेली असते. तिच्यात डीएनएचा एक जादा तुकडा घुसलेला आहे, त्यामुळे स्टार्चच्या साखळ्यांना फांद्या फोडणारं एक विकर नीट तयार होत नाही. हे १९९० साली दाखवलं गेलं. rr दाण्यात साखर जास्त राहते, दाणा जास्त पाणी धरतो आणि सुकताना आक्रसतो. एक चांगली प्रत असली तरी काम भागतं, म्हणून Rr दाणा गोल राहतो. प्रभावी म्हणजे ‘बलवान’ किंवा ‘जास्त आढळणारा’ असा समज असतो, तो या एका परिच्छेदात जातो.

दुसऱ्या पिढीसाठी Rr रोपाचं स्वपरागण करायचं, म्हणजे Rr × Rr. आता खरा चौकोन:

```
            पराग R    पराग r
बीजांड R      RR        Rr
बीजांड r      Rr        rr
```

कडेवर नुसतं R आणि r न लिहिता ‘पराग’ आणि ‘बीजांड’ असं लिहाच. पालकांची नावं कडेवर लिहिणं आणि युग्मकांची नावं लिहिणं यांतला फरक तेवढ्याने समजतो. मग वाचन शिकवा. डावीकडचा R मिळण्याची शक्यता १/२, वरचा R मिळण्याची १/२, म्हणून त्यांच्या छेदातल्या खणाची शक्यता १/२ × १/२, म्हणजे १/४. प्रत्येक खणाला हेच लागू. Rr दोन खणांत येतं, कारण त्याच्याकडे दोन वाटा आहेत: R परागातून आणि r बीजांडातून, किंवा उलट. दोन्ही वाटांनी आलेला दाणा सारखाच असतो, म्हणून त्यांची बेरीज करायची आणि १/२ मिळवायचे. हा ‘दोन वाटा’ मुद्दा नीट सांगितला नाही तर विद्यार्थी RR, Rr आणि rr अशा तीन प्रकारांना प्रत्येकी १/३ देऊन मोकळे होतात.

अशा रीतीने जनुकविधेचं गुणोत्तर १:२:१ येतं. RR आणि Rr दिसायला सारखे, म्हणून ते एकत्र मोजले की स्वरूपविधेचं ३:१. दोन गुणोत्तरं एकाच चौकोनातून निघतात. प्रश्न कोणतं मागतो आहे ते आधी ओळखायला लावा. मेंडेलला २५३ संकरित रोपांवर ७३२४ दाणे मिळाले, त्यांत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले. भागाकार केला तर २.९६:१.

इथे एक बारीक जागा आहे, ती हँडआउटमध्ये चौकटीत टाका. दाण्याचा आकार हा त्या दाण्यातल्या भ्रूणाचा गुण आहे. म्हणजे पहिल्या पिढीच्या रोपावर लागलेल्या शेंगेतला दाणा ही दुसरी पिढी झाली. एकाच शेंगेत गोल आणि सुरकुतलेले दाणे शेजारी शेजारी दिसू शकतात. फुलाचा रंग किंवा रोपाची उंची बघायची असेल तर मात्र तो दाणा पेरून रोप वाढवावं लागतं. ‘कोणती पिढी कुठे मोजायची’ इथे घोळ झाला तर अख्खा सराव एका पिढीने सरकतो, आणि उत्तर कुठे चुकलं ते विद्यार्थ्याला सापडतच नाही.

आता सगळ्यात चिवट गैरसमज. चौकोनाचे चार खण म्हणजे चार संतती नव्हेत. प्रत्येक संततीसाठी तोच पूर्ण चौकोन नव्याने लागू होतो, आधीचं काय झालं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. हे पटवायला हिशेबच करून दाखवा. Rr × Rr पासून चारच दाणे मिळाले, तर नेमके तीन गोल आणि एक सुरकुतलेला असण्याची शक्यता किती? सुरकुतलेला दाणा चारपैकी कोणत्याही जागी येऊ शकतो, म्हणून ४ × (३/४)³ × (१/४) = २७/६४, म्हणजे सुमारे ४२ टक्के. अर्ध्याहून जास्त वेळा चार दाण्यांत ३:१ दिसणारच नाही! चारही गोल निघण्याची शक्यता ८१/२५६, जवळपास ३२ टक्के. म्हणून आई-वडील दोघंही Rr सारखे असताना ‘तीन मुलं झाली, त्यांत आजार नाही, म्हणजे चौथ्याला होणारच’ हा तर्क साफ चुकीचा. चौथ्यालाही शक्यता १/४ च.

मेंडेलच्या आकड्यांतही हे दिसतं. एकूण बेरीज ३:१ च्या इतकी जवळ असूनही एका रोपावर ४३ गोल आणि फक्त २ सुरकुतलेले दाणे होते, तर दुसऱ्या एकावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेले. ही दोन्ही टोकं त्याने स्वतःच नोंदवली आहेत. विद्यार्थ्यांना ही दोन रोपं आधी दाखवा, ‘यांत गुणोत्तर काय?’ विचारा, आणि मग ७३२४ ची बेरीज दाखवा. अपेक्षित गुणोत्तर मोठ्या संख्येतच उमटतं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

यानंतर तो प्रश्न, जिथे पाठांतर उघडं पडतं: दुसऱ्या पिढीतला एक गोल दाणा उचलला, तो Rr असण्याची शक्यता किती? बहुतेक जण १/२ म्हणतात, कारण चौकोनात Rr दोन खणांत आहे. पण दाणा गोल आहे हे आपल्याला आधीच कळलं आहे, म्हणजे rr चा खण बाद. उरले तीन, त्यांतले दोन Rr, म्हणून उत्तर २/३. चौकोन वाचताना मिळालेली माहिती वापरून आधी खण खोडायचे आणि मग उरलेल्यांत मोजायचं, अशी सवय लावा. खोडायचं म्हणजे खरंच पेन्सिलीने काट मारायची. मेंडेलने हेही तपासलं. गोल दाण्यांपासून ५६५ रोपं वाढवली आणि त्यांचं स्वपरागण होऊ दिलं. १९३ रोपांवर फक्त गोल दाणे आले, ३७२ रोपांवर दोन्ही प्रकार. १/३ आणि २/३ प्रमाणे अपेक्षा साधारण १८८ आणि ३७७ ची होती. माझ्या मते ३:१ पेक्षाही हा प्रयोग जास्त बोलका आहे, कारण डोळ्यांना सारखे दिसणारे गोल दाणे आतून दोन प्रकारचे आहेत हे त्यातून कळतं.

दिसायला गोल दाणा RR की Rr, हे ठरवायला टेस्ट क्रॉस. त्याचं रोप rr शी संकरित करायचं. rr कडून फक्त r येतो, त्यामुळे चौकोनाला एकच ओळ उरते आणि समोरच्या रोपाची युग्मकं संततीत थेट दिसतात. Rr असेल तर १:१, RR असेल तर सगळे गोल. पण ‘सगळे गोल आले म्हणून RR’ असं किती दाण्यांनंतर म्हणायचं? रोप Rr असूनही n दाणे ओळीने गोल येण्याची शक्यता (१/२)ⁿ. पाच दाण्यांना १/३२, म्हणजे ३ टक्के. सात दाण्यांना १/१२८, एक टक्क्याहून कमी. एक जरी सुरकुतलेला दाणा आला तरी मात्र निकाल पक्का: रोप Rr. पुरावा दोन्ही बाजूंना सारखा नसतो, हे मुद्दाम लिहा.

आता दोन गुण एकत्र. दाण्याचा रंग पिवळा Y, हिरवा y, पिवळा प्रभावी. RrYy × RrYy. कडेवरच्या चुका इथे ओसंडून वाहतात. कुणी R, r, Y, y अशी चार अक्षरं सुटी लिहितो, कुणी Rr आणि Yy लिहितो. तपासायची कसोटी सोपी आहे: प्रत्येक युग्मकात प्रत्येक जनुकाचं नेमकं एक अक्षर हवं. म्हणून RY, Ry, rY, ry. जितकी जनुकं विषमयुग्मजी, तितक्या वेळा २ चा गुणाकार, म्हणजे इथे २ × २ = ४ प्रकार. पण RrYY ची युग्मकं दोनच, RY आणि rY. सवयीने चार लिहिणाऱ्यांना हाच प्रश्न द्या.

१६ खणांचा चौकोन एकदा हाताने भरू द्या, पण एकदाच. त्यानंतर सांगा की दोन गुण स्वतंत्रपणे वाटले जातात, तेव्हा प्रत्येकाचा वेगळा २ × २ चौकोन करा आणि उत्तरांचा गुणाकार करा. गोल ३/४, पिवळा ३/४, दोन्ही ९/१६. गोल आणि हिरवा ३/४ × १/४ = ३/१६. सुरकुतलेला आणि पिवळाही ३/१६. सुरकुतलेला आणि हिरवा १/१६. ९:३:३:१ हे वेगळं पाठ करायचं गुणोत्तर नाहीच, ३:१ गुणिले ३:१ आहे. आणि ही पद्धत कळली की अनोळखी संकर घाबरवत नाही. RrYy × Rryy घ्या. आकारासाठी ३:१, रंगासाठी Yy × yy म्हणजे १:१. गुणाकार ३:३:१:१. चौकोनच काढायचा झाला तर तो ४ × २ चा, आठ खणांचा. तो चौरस नसला तरी चालतो, हेही कुणीतरी सांगायला हवं.

मेंडेलच्या RrYy × RrYy संकरात ५५६ दाणे मिळाले: ३१५ गोल पिवळे, १०८ गोल हिरवे, १०१ सुरकुतलेले पिवळे, ३२ सुरकुतलेले हिरवे. अपेक्षा किती? ५५६ ला १६ ने भागून ३४.७५, मग ९, ३, ३ आणि १ ने गुणायचं: ३१२.७५, १०४.२५, १०४.२५, ३४.७५. अपेक्षित संख्या अपूर्णांकात आली तर ती तशीच ठेवायची, पूर्णांक करायची नाही. फरक नुसत्या योगायोगाचा आहे का, हे काय-वर्ग चाचणीने बघतात. प्रत्येक गटात प्रत्यक्ष वजा अपेक्षित, त्याचा वर्ग, भागिले अपेक्षित, आणि चारही गटांची बेरीज. इथे ती सुमारे ०.४७ येते. चार गटांसाठी मुक्त अंश ३, आणि ५ टक्के पातळीची मर्यादा ७.८१. आपली बेरीज तिच्या खूप खाली, म्हणून ९:३:३:१ नाकारायला कारण नाही. ‘सिद्ध झालं’ असं लिहू देऊ नका. आणि ही चाचणी टक्केवारीवर कधीच करायची नाही, मोजलेल्या संख्येवरच करायची, कारण टक्केवारीत नमुना किती मोठा होता हेच पुसलं जातं.

गुणोत्तर बिघडलं तर विद्यार्थ्याने आधी कडांकडे बघावं, मग खणांकडे. दोन्हींचं एकेक उदाहरण पुरे.

कडांचं उदाहरण सहलग्नतेचं. दोन जनुकं एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असतील तर चार युग्मकं समान प्रमाणात बनत नाहीत. बेटसन, साँडर्स आणि पनेट यांना गोड वाटाण्यात फुलाचा रंग आणि परागाचा आकार तपासताना हेच दिसलं. ३८१ रोपांत २८४ जांभळी-लांब, २१ जांभळी-गोल, २१ लाल-लांब आणि ५५ लाल-गोल. ९:३:३:१ प्रमाणे साधारण २१४, ७१, ७१ आणि २४ हवी होती. मूळ पालकांसारख्या जोड्या फार जास्त, नव्या जोड्या फार कमी. हँडआउटसाठी सोपे आकडे घ्या: जनुकं A आणि B, एका पालकाकडून AB आणि दुसऱ्याकडून ab आलेलं, पुनर्संयोजन २० टक्के. मग कडेवर AB ४० टक्के, ab ४० टक्के, Ab आणि aB प्रत्येकी १० टक्के. चौकोन तोच, खणही १६ च, पण प्रत्येक खणाचं वजन आता वेगळं. aabb चा खण ०.४ × ०.४ = ०.१६. दोन्ही प्रभावी गुण दाखवणारी संतती ६६ टक्के, एकेकच दाखवणारे दोन गट प्रत्येकी ९ टक्के. स्वतंत्र वाटणीत हेच आकडे सुमारे ५६, १९, १९ आणि ६ असते. खण मोजून गुणोत्तर काढायची सवय लागलेला विद्यार्थी इथे हमखास ९:३:३:१ लिहितो. शक्यता गुणायला शिकलेल्याला काही नवं शिकावंच लागत नाही.

खणांचं उदाहरण पिवळ्या उंदरांचं. पिवळा × पिवळा या संकरात पिवळे आणि इतर रंगांचे उंदीर ३:१ न येता २:१ येतात, आणि शुद्ध पिवळा उंदीर कधी सापडतच नाही. पिवळ्या रंगाच्या दोन प्रती मिळालेला गर्भ जन्मापूर्वीच मरतो, हा उलगडा १९१० साली कॅसल आणि लिटल यांनी केला. इथे कडा अगदी बरोबर आहेत, १/२ आणि १/२. एक खण मोजणीपर्यंत पोहोचत नाही, एवढंच. म्हणून तो खोडायचा आणि छेद ४ ऐवजी ३ करायचा, वरच्या २/३ च्या प्रश्नासारखाच. फरक इतकाच की तिथे खण आपल्याला मिळालेल्या माहितीने बाद झाला होता, इथे गर्भाच्या मृत्यूने.

सरावाला चार प्रश्न पुरतील, आणि त्यांत एकही ‘Rr × Rr चा चौकोन काढा’ असा नको. एक, RrYY × rrYy: आधी फक्त दोन्ही पालकांची युग्मकं लिहा, मग गुणोत्तर काढा. दोन, एका टेस्ट क्रॉसमध्ये सहा दाणे मिळाले आणि सहाही गोल निघाले. रोप RR आहे असं म्हणाल का, का? तीन, दुसऱ्या पिढीतले दोन गोल दाणे डोळे मिटून उचलले, त्यांची रोपं एकमेकांशी संकरित केली. त्यातला एक दाणा सुरकुतलेला असण्याची शक्यता किती? (२/३ × २/३ × १/४, म्हणजे १/९.) चार, एका संकरात ६१, २०, २२ आणि ७ अशी संतती मिळाली, पालक कोणते असतील ते उलट दिशेने ओळखा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर १/१६ आलं तर विद्यार्थ्याने rr चा खण खोडला नाही, १/४ आलं तर दोन्ही दाणे Rr धरले. चूक नेमकी कुठल्या पायरीवर झाली हे उत्तराच्या आकड्यावरूनच कळतं, त्यामुळे तपासताना त्या प्रश्नापासून सुरुवात करा.